न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप रद्द होणे: कारण, निदान आणि कोणत्या ॲपना सूट द्यावी

एखाद्या ॲपला स्थान, मायक्रोफोन, संपर्क किंवा फोटो पाहण्याची परवानगी आपण स्वतः दिलेली असते, नंतर ती कोणी काढून घेतलेली नसते, आणि तरीही काही महिन्यांनी ती नाहीशी झालेली आढळते. परवानगी पुन्हा दिली की ॲप सुरळीत चालते आणि आणखी काही महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. अँड्रॉइड फोनवर ही तक्रार वारंवार येते. लोक ॲप काढून पुन्हा टाकतात, फोन दुकानात नेतात, कधी सगळा डेटा पुसून फोन नव्याने सुरू करतात, पण मूळ कारण तसेच राहिल्यामुळे तक्रार परत येते. हे कारण म्हणजे अँड्रॉइडमध्येच असलेली एक सुरक्षा-सुविधा आहे. बराच काळ न उघडलेल्या ॲपच्या संवेदनशील परवानग्या ती स्वतःहून काढून घेते. सुविधा उपयुक्त आहे आणि बहुतेक ॲपसाठी ती चालूच ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र काही थोड्या ॲपच्या बाबतीत ती खरोखर घातक ठरू शकते, आणि ती ॲप नेमकी कोणती हे ओळखणे हाच या समस्येच्या निवारणातील मुख्य भाग आहे.

फोन नेमके काय करतो

ही सुविधा 2020 साली अँड्रॉइड 11 सोबत आली. त्या आवृत्तीत तिचे काम मर्यादित होते. एखादे ॲप काही महिने वापरले गेले नाही, तर कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान, संपर्क, एसएमएस, फोन, कॅलेंडर आणि फाइल यांसारख्या ज्या परवानग्या ॲप चालू असताना विचारून घेतल्या जातात, त्या सर्व काढून घेतल्या जात. आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक परवानगी नाकारली असती तर जो परिणाम झाला असता, तोच येथे होतो.

2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 ने याच्या पुढचे पाऊल टाकले. आता न वापरलेले ॲप केवळ परवानग्याच गमावत नाही, तर एका प्रकारच्या शीतनिद्रेत जाते. त्याच्या तात्पुरत्या फाइल पुसल्या जातात, त्याला पार्श्वभूमीत कोणतेही काम करता येत नाही, त्याने लावून ठेवलेले गजर वाजत नाहीत आणि सर्व्हरकडून येणारी नोटिफिकेशन त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. 'तातडीची' असा शिक्का मारून पाठवलेली नोटिफिकेशनही यातून सुटत नाहीत. ॲपमध्ये साठवलेली तुमची माहिती मात्र या प्रक्रियेत पुसली जात नाही, त्यामुळे नोंदी गेल्या असतील या भीतीने घाईघाईने काही करण्याचे कारण नाही.

जुन्या फोनवरही हे घडू शकते. गूगलने डिसेंबर 2021 पासून गूगल प्ले सर्व्हिसेसच्या माध्यमातून परवानग्या काढून घेण्याचा भाग अँड्रॉइड 6 ते 10 या आवृत्त्यांवरही आणला. 'माझा फोन जुना आहे, त्यात हे नवे काही नसणार' असे समजून अनेकजण या कारणाचा विचारच करत नाहीत. शीतनिद्रेचा भाग मात्र अँड्रॉइड 12 आणि त्यापुढील आवृत्त्यांतच आहे.

किती काळानंतर हे होते, याविषयी गूगलच्या मदत-पानांवर 'काही महिने' एवढाच उल्लेख असतो. अँड्रॉइडच्या मूळ खुल्या संहितेत ही मुदत 90 दिवसांची आहे, आणि मुदत संपलेली ॲप शोधणारी तपासणी साधारण दर 15 दिवसांनी होते. म्हणजे परवानगी बरोबर एक्क्याण्णवाव्या दिवशी जाईल असे नाही. ती त्यानंतरच्या पंधरवड्यात केव्हातरी जाते. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना हे आकडे बदलता येतात, म्हणून हिशेब करताना तीन महिने ही सुरक्षित मर्यादा धरावी.

'वापर' कशाला म्हणतात

सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. ॲप आपल्याला उपयोगी पडते आहे की नाही, हे फोनला कळत नाही. त्याला फक्त ॲपशी झालेला संपर्क मोजता येतो. ॲप उघडले आणि त्याचा पडदा समोर आला, तर तो वापर धरला जातो. ॲपच्या विजेटला स्पर्श केला, ॲपने पाठवलेल्या नोटिफिकेशनवर टॅप करून आपण आत गेलो, किंवा दुसऱ्या एखाद्या ॲपने त्याच्याकडून थेट सेवा घेतली, तर अँड्रॉइड 12 पासून तोही वापर मोजला जातो.

याउलट, ॲपने पार्श्वभूमीत स्वतःहून केलेले काम वापर म्हणून मोजले जात नाही. ठरलेल्या वेळी माहिती आणणे, गजर लावणे किंवा फोनमधील एखाद्या घडामोडीची खबर मिळणे यांमुळे मुदत पुढे ढकलली जात नाही. सर्वांत महत्त्वाचे असे की आलेले नोटिफिकेशन वाचून बोटाने बाजूला सारणे हाही वापर नव्हे. औषधाची वेळ सांगणारे ॲप रोज सकाळी नोटिफिकेशन देते, आजोबा ते वाचतात, गोळी घेतात आणि नोटिफिकेशन बाजूला सारतात. त्यांच्या दृष्टीने ते ॲप रोज वापरात आहे, पण फोनच्या हिशेबी ते तीन महिने कोणी हाताळलेलेच नाही. तेच आजोबा दर वेळी नोटिफिकेशनवर टॅप करून ॲपमध्ये 'घेतली' अशी नोंद करत असतील, तर त्यांच्या फोनवर ही अडचण कधीच येणार नाही. एकाच ॲपविषयी दोन घरांतील अनुभव वेगळे का असतात, याचे उत्तर बऱ्याचदा एवढ्या लहानशा फरकात सापडते.

काही ॲपना फोन स्वतःहून वगळतो. सध्या निवडून चालू ठेवलेला कीबोर्ड आणि चालू असलेल्या सुलभता-सेवा यांना हा नियम लागत नाही. ज्यांना उघडण्यासाठी आयकनच नाही अशी ॲप आणि कार्यालयाने फोनच्या नियंत्रणासाठी बसवलेले व्यवस्थापक ॲप हीसुद्धा वगळलेली असतात. कार्यालयाच्या धोरणाने पक्क्या केलेल्या परवानग्याही काढल्या जात नाहीत.

एक उदाहरण: वळवाच्या पावसात गप्प राहणारे 'दामिनी'

वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केले आहे. फोनच्या स्थानाच्या आसपास, 20 ते 40 किलोमीटरच्या परिघात, वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सावध करते. मराठवाडा आणि विदर्भातील शेतकरी, गुराखी आणि ऊसतोड कामगार यांच्या फोनवर ते असावे असा आग्रह धरला जातो, आणि तो योग्यच आहे. पण हे ॲप वापरण्याची रीत आणि फोनचा तीन महिन्यांचा नियम यांचा मेळ बसत नाही. ॲपमध्ये काहीही दोष नसला तरी हे घडते.

समजा, परतीचा पाऊस ओसरताना 10 ऑक्टोबरला एका शेतकऱ्याने हे ॲप शेवटचे उघडले. त्यानंतर आकाश निरभ्र राहते, रब्बीच्या पेरण्या होतात आणि ॲप उघडण्याचे काही कारण उरत नाही. 8 जानेवारीला 90 दिवस पूर्ण होतात. त्यानंतरच्या पंधरवड्यात, म्हणजे साधारण 23 जानेवारीपर्यंत, फोनची नेहमीची तपासणी होते आणि ॲपची स्थानाची परवानगी काढली जाते. फोन अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढचा असेल, तर ॲपला नोटिफिकेशन मिळणेही त्याच वेळी थांबते. फोनवर 'काही न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढल्या आहेत' अशा अर्थाचे एक नोटिफिकेशन येते, पण जानेवारीत आलेल्या अशा नोटिफिकेशनचा संबंध एप्रिलमधील विजांशी आहे हे कोणाच्या लक्षात यावे?

पुढे एप्रिलच्या अखेरीस दुपारी ढग दाटतात. महाराष्ट्रात विजेचा मोठा धोका असतो तो याच वळवाच्या पावसात. शेतकऱ्याची समजूत अशी की ॲप फोनमध्ये आहे, म्हणजे धोका असल्यास ते सांगेल. ते काही सांगत नाही, म्हणजे धोका नाही. ही समजूत चुकीची ठरण्याचे परिणाम किती गंभीर असू शकतात हे वेगळे सांगायला नको. ॲप नसलेला माणूस निदान आकाशाकडे पाहून निर्णय घेतो. गप्प झालेल्या ॲपवर विसंबणाऱ्याची स्थिती त्याहून वाईट असते.

येथे एक बारकावा आहे. परवानग्या काढण्याचा नियम आपोआप चालू असतो तो अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढील आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपपुरता. जुन्या पद्धतीने बांधलेल्या ॲपच्या बाबतीत हा स्विच आधीपासून बंद असू शकतो. पण ॲप अद्ययावत झाले की स्थिती बदलू शकते, म्हणून कोणत्या ॲपला काय लागू आहे याचा तर्क करत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष स्विच पाहावा.

निदान: ॲप उघडण्यापूर्वी पाहा

अडचण लक्षात येताच बहुतेकजण सर्वप्रथम ते ॲप उघडतात. असे केल्याने पुरावाच नाहीसा होतो, कारण ॲप उघडताच ते शीतनिद्रेतून बाहेर येते आणि न वापरलेल्या ॲपच्या यादीतून त्याचे नाव निघून जाते. म्हणून आधी सेटिंग्ज तपासाव्यात आणि ॲप शेवटी उघडावे.

अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढील फोनवर 'Settings' मधील 'Apps' या विभागात 'Unused apps' अशी ओळ असते. तिच्यात ॲप किती महिन्यांपासून उघडलेले नाही याप्रमाणे यादी दिसते. आपले ॲप त्या यादीत असेल, तर निदान जवळजवळ निश्चित झाले. त्यानंतर त्या ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन 'Permissions' उघडावे. पूर्वी दिलेल्या परवानग्या आता 'Not allowed' या शीर्षकाखाली गेलेल्या दिसतील. एखादीच नव्हे, तर सर्वच परवानग्या एकाच वेळी खाली गेलेल्या असणे ही या कारणाची खूण आहे. फोनची भाषा मराठी असेल तर हे शब्द मराठीत दिसतात, पण जागा त्याच असतात. काही कंपन्यांच्या फोनवर ओळींचा क्रम थोडा वेगळा असतो. अशा वेळी सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'unused' असे टाइप केले की योग्य जागा सापडते.

यादीत नाव नसेल, तर कारण दुसरे असण्याचा संभव आहे, आणि त्यांतील दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले म्हणजे परवानगी देताना 'Only this time' हा पर्याय निवडलेला असणे. तशी परवानगी ॲप बंद केल्यावर थोड्याच वेळात संपते, म्हणून तक्रार महिन्यांनी न येता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येते. दुसरे म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ॲपला पार्श्वभूमीत काम करण्यापासून रोखलेले असणे. सॅमसंगच्या फोनवरील 'Deep sleeping apps' ही यादी त्याच प्रकारची आहे. अशा वेळी नोटिफिकेशन बंद होतात खरी, पण परवानग्यांचे पान उघडून पाहिल्यास त्या जागच्या जागी असतात. परवानग्या आहेत आणि नोटिफिकेशन नाहीत, असे दिसले तर बॅटरीच्या सेटिंग्जकडे वळावे. तेथे पुढे सांगितलेल्या सूटीचा उपयोग होणार नाही.

दुरुस्ती

दुरुस्तीचे तीन भाग आहेत, आणि त्यांतला एखादा राहून गेला की 'सगळे केले तरी चालत नाही' अशी तक्रार उरते.

पहिला भाग म्हणजे सूट देणे. ॲपच्या माहितीच्या पानावर तळाशी एक स्विच असतो. अँड्रॉइड 12 मध्ये त्याचे नाव 'Remove permissions and free up space' असे आहे, अँड्रॉइड 13 पासून 'Pause app activity if unused' असे, आणि अँड्रॉइड 15 मध्ये 'Manage app if unused' असे. अँड्रॉइड 11 मध्ये हाच स्विच माहितीच्या पानावर नसून त्याच्या आतल्या 'Permissions' या पानाच्या तळाशी आहे. हा स्विच बंद करणे म्हणजे त्या ॲपला सूट देणे. नाव वाचून गोंधळ होतो आणि काहीजण तो चालू करून ठेवतात, म्हणून हे अधोरेखित करतो: सूट हवी असेल तर स्विच बंद असला पाहिजे. अँड्रॉइड 6 ते 10 असलेल्या फोनवर प्ले स्टोअर उघडून आपल्या चित्रावर टॅप करावे, 'Play Protect' मध्ये जावे आणि 'Permissions for Unused Apps' या पानावरून संबंधित ॲप निवडावे.

दुसरा भाग म्हणजे परवानग्या परत देणे. स्विच बंद केल्याने पुढील काळासाठी संरक्षण मिळते, पण आधी गेलेल्या परवानग्या त्यामुळे परत येत नाहीत. त्या एकेक करून स्वतःच द्याव्या लागतात. स्थानाच्या परवानगीकडे येथे विशेष लक्ष द्यावे. ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या चौकटीत 'While using the app' आणि 'Only this time' एवढेच पर्याय असतात. पडदा बंद असतानाही ज्या ॲपने स्थान पाहावे अशी अपेक्षा आहे, त्याला 'Allow all the time' ही परवानगी लागते, आणि अँड्रॉइड 11 पासून ती त्या चौकटीतून मिळत नाही. त्यासाठी सेटिंग्जमधील स्थानाच्या परवानगीच्या पानावर जाऊन ती निवडावी लागते. पहिल्यांदा ॲप टाकताना ती कोणीतरी दिलेली असते, पण परत देताना माणूस चौकटीतला पहिला पर्याय निवडून समाधान मानतो. मग ॲप उघडे असताना सर्व ठीक चालते आणि मिटले की ॲप आंधळे होते. सूट देऊनही कुटुंबातील व्यक्तीचे स्थान दिसत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

तिसरा भाग म्हणजे ॲप एकदा उघडून त्याचे काम पुन्हा मार्गी लावणे. शीतनिद्रेपूर्वी लावलेले गजर आणि नेमून दिलेली कामे जागे झाल्यावर आपोआप परत सुरू होतातच असे नाही, कारण ती नव्याने नोंदवण्याची जबाबदारी ॲपवर असते. चांगली बांधलेली ॲप उघडताच हे करतात, पण प्रत्येक ॲप ते करतेच असे गृहीत धरू नये. औषधांच्या ॲपमध्ये एक चाचणी-गजर पाच मिनिटांनंतरचा लावून फोन बाजूला ठेवावा आणि तो वाजतो का ते पाहावे. जुने गजर यादीत दिसत असूनही वाजत नसतील, तर ते बंद करून पुन्हा चालू करावेत.

कोणत्या ॲपना सूट द्यावी

सर्व ॲपना एकदम सूट देणारा स्विच सर्वसाधारण फोनवर नाही, आणि तो असावा असे मला वाटतही नाही. म्हणून निवड करावीच लागते. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: हे ॲप मी तीन महिने उघडले नाही आणि ते मूकपणे बंद पडले, तर मला ते वेळेत कळेल का? कळत असेल, तर सूट नको. कळणार नसेल आणि त्यात कोणाचे नुकसान असेल, तर सूट द्यावी.

या कसोटीवर पहिली येतात ती धोक्याची सूचना देणारी ॲप. 'दामिनी' झालेच, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ॲपही त्याच वर्गातले. त्यांचे संपूर्ण मोल ती न उघडता मिळणाऱ्या सूचनेत आहे, आणि धोका नसलेल्या महिन्यांत ती उघडली जाणार नाहीत हे उघड आहे.

त्यानंतर कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी दुसऱ्याच्या फोनवर टाकून दिलेली ॲप. पुण्यात किंवा परदेशात राहणारी मुलगी गावाकडच्या आईच्या फोनवर स्थान कळवणारे ॲप टाकते, आईच्या संमतीने सगळ्या परवानग्या देते आणि परत जाते. आईने ते ॲप कधी उघडावे अशी अपेक्षाच नसते. तीन महिन्यांनी मुलीला जुने स्थान दिसू लागते, आणि आई घरीच असल्यामुळे ते जुने आहे हे तिच्या लक्षात येत नाही. अशी ॲप टाकतानाच स्विच बंद करावा, कारण नंतर तो फोन आपल्या हातात नसतो.

औषधांच्या आठवणीची ॲप, तसेच रक्तशर्करा किंवा हृदयाचे ठोके मोजणाऱ्या उपकरणाशी जोडलेली ॲप, ही तिसरी. श्रवणयंत्राचे ॲपही यातच येते, कारण एकदा आवाजाची पातळी जुळवली की ते महिनोनमहिने उघडले जात नाही. घरातील किंवा शेतातील कॅमेऱ्याच्या ॲपचा विचारही असाच करावा. चोराची चाहूल लागल्याचे नोटिफिकेशन आले नाही, याचा अर्थ कोणी आले नाही असा आपण घेतो.

फोटो किंवा संपर्क यांची प्रत दुसरीकडे ठेवणारी ॲप हा सर्वांत दुर्लक्षित वर्ग आहे. एकदा मांडणी केली की ती कोणी उघडत नाही. फोटोंची परवानगी गेली की नवे फोटो जाणे थांबते, आणि हे कळते ते फोन हरवल्यावर किंवा पाण्यात पडल्यावर. अशा ॲपला सूट द्यावीच, शिवाय अधूनमधून शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे तेही पाहावे.

आणीबाणीत स्वतः उघडायची ॲप, उदाहरणार्थ '112 India', ही थोडी वेगळी आहेत. ती उघडली की परवानगी पुन्हा मागतात, त्यामुळे तत्त्वतः काम अडत नाही. पण संकटाच्या क्षणी परवानगीच्या चौकटी वाचत बसणे कोणावर येऊ नये, म्हणून यांनाही सूट देणे मला योग्य वाटते. 112 हा क्रमांक थेट लावण्यासाठी कोणत्याही ॲपची गरज नाही, हेही घरातील सर्वांना माहीत असावे.

लॉग-इनला मंजुरी मागणारी ॲप दोन प्रकारची असतात. जी केवळ सहा आकडी संकेतांक दाखवतात त्यांना सूट लागत नाही, कारण संकेतांक हवा असताना आपण ती उघडतोच. जी 'मंजूर करू का' असे नोटिफिकेशन पाठवतात, ती मात्र शीतनिद्रेत असताना गप्प राहतात आणि आपण संगणकापुढे वाट पाहत बसतो. अशा वेळी ॲप आधी उघडून मग लॉग-इन केले तरी काम होते. नेहमीचा त्रास नको असेल तर सूट द्यावी.

आता कोणत्या ॲपना सूट देऊ नये ते पाहू. तिकिटे, खरेदी, जेवण मागवणे, फोटो सजवणे, कागद स्कॅन करणे, सरकारी दाखले दाखवणे यांसाठीची ॲप आपण काम पडले की उघडतो आणि ती त्याच क्षणी परवानगी मागतात. एक टॅप जास्त करावा लागतो, एवढेच. पैसे पाठवण्याच्या ॲपचेही तसेच; बऱ्याच काळाने उघडल्यावर ते एसएमएसची परवानगी पुन्हा मागत असेल, तर ती देऊन पुढे जावे, त्यासाठी कायमची सूट देण्याची गरज नाही. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपना तर कदापि सूट देऊ नये. संपर्कयादी आणि फोटो हाती लागल्यावर अशा काही ॲपनी कर्जदारांच्या नातेवाइकांना कसे छळले, हे आपल्याकडे पुरेसे पाहून झाले आहे. ज्याचे काम संपले आहे ते ॲप काढून टाकावे, आणि काढायचे विसरले गेलेच तर परवानग्या काढून घेणारी हीच सुविधा आपले रक्षण करते. एखादे ॲप उघडताच हा स्विच बंद करण्याची विनंती करत असेल, तर वरील प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय ती मान्य करू नये. तशी विनंती कोणतेही ॲप करू शकते, आणि विनंती केली म्हणजे गरज आहे असे सिद्ध होत नाही.

सूट दिल्यानंतरही अडचण परत आली तर

सूट ही त्या फोनवरील त्या ॲपपुरती नोंद असते. ॲप काढून पुन्हा टाकले की ती नोंद जाते आणि स्विच मूळ स्थितीत येतो. अडचण आली की ॲप पुन्हा टाकण्याची सवय असलेल्यांकडे ही समस्या कायम परत का येते, ते यावरून कळेल. नवा फोन घेतल्यावर जुन्या फोनवरील ॲप आपोआप उतरवली गेली, तरी सूट दिलेल्या प्रत्येक ॲपचा स्विच हाताने तपासावा.

ज्यांना घरातील किंवा गटातील अनेक फोन सांभाळावे लागतात आणि संगणकावरून आदेश देण्याची सवय आहे, त्यांना यूएसबी डीबगिंग चालू करून हीच नोंद पाहता आणि बदलता येते. खालील आदेशांत `com.example.app` च्या जागी संबंधित ॲपचे पॅकेज-नाव लिहावे.

```
adb shell cmd appops get com.example.app AUTO_REVOKE_PERMISSIONS_IF_UNUSED
adb shell cmd appops set com.example.app AUTO_REVOKE_PERMISSIONS_IF_UNUSED ignore
```

पहिला आदेश सध्याची स्थिती सांगतो. उत्तरात `ignore` आले तर सूट आहे, `allow` आले तर नियम लागू आहे. दुसरा आदेश सूट देतो. ती काढून घ्यायची असल्यास शेवटी `ignore` ऐवजी `allow` लिहावे. काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करण्यास विसरू नये.

एखाद्या फोनवर हा स्विच सापडतच नसेल, तर एक साधा उपाय उरतो. ॲपची मुदत 90 दिवसांची आहे आणि ते एकदा उघडले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यामुळे दर दोन महिन्यांनी ॲप उघडून त्याचा पडदा समोर येऊ द्यावा, एवढे पुरते. विजेची सूचना देणाऱ्या ॲपसाठी डिसेंबरच्या आरंभी एकदा आणि फेब्रुवारीच्या आरंभी एकदा ते उघडावे, आणि मार्च संपण्यापूर्वी तिसऱ्यांदा उघडून स्थानाची परवानगी 'Allowed' खाली आहे ना, हे परवानग्यांच्या पानावर पाहून घ्यावे.